महाद्वार रोडवरचा लाल चेंडू

मी बोलतोय, पलंगाखालून. प्लॅस्टिकचा लाल चेंडू मी, आत नुसती हवा. महाद्वार रोडला एका हातगाड्यावर जाळीत लोंबकळत होतो, तिथून अकरा वर्षांच्या ऋतुराजनं मला घरी आणलं. घरात तो आणि त्याची आई, दोघंच. आई संयोगिता साडीच्या दुकानात कामाला. ती येईपर्यंत पोराला सोबत माझीच.

आमचं मैदान म्हणजे दुकानांपुढची दहा पावलं. तो मला भिंतीवर मारायचा. मी हलका, जरा जोरात आलो की उसळणार, वाऱ्यानं वळणार. म्हणून तो पाय किंचित मागं घेऊन मला अलगद थोपवायला शिकला. आणि मी भिंतीवरून सुटलो की दर वेळी मान वळवून मागं बघायचा. मागनं रिक्षा, मोटारसायकली, देवीला निघालेली माणसं. एकदा न बघता वळला, तर हँडल लागून कोपर फुटलं. आई आल्यावर त्यानं बाही खाली ओढली. मला सगळं दिसत होतं, पण सांगणार कुणाला?

निवासी फुटबॉल अकादमीच्या निवड चाचणीला त्यानं मला पिशवीत घालून नेलं. बाकीच्या पोरांचे बाप रेषेबाहेर उभे होते. याच्या वतीनं मीच. जन्मदाखला बघून पाठीवर सत्तेचाळीस नंबर लावला. मैदानात मांडलेल्या शंकूंमधून तो चेंडू घेऊन सुरेख गेला. पण तिथला चेंडू जड. लांबचा पास निम्म्यातच थांबला. दुसराही. माझ्या हलकेपणाची सवय त्याच्या पायाला लागली होती. पिशवीत मी चोरासारखा बसलो.

मग पाच-पाच जणांचा सामना. जागा लहान, पोरं अंगावर येणारी. पास यायच्या आधी ऋतुराजनं मागं बघितलं, आणि अंगावर येणाऱ्याला चुकवून मोकळ्या बाजूला वळला. पुन्हा तसंच. तिसऱ्यांदाही.

निवड करणाऱ्या सरांनी त्याला बोलावलं. "बॉल यायच्या आधी मागं का बघतोस रं?"

"रिक्षा येती की सर, मागनं."

सर हसले नाहीत. "लांबचा पास कच्चा हाय तुझा. त्यो शिकवू आमी. पर ही नजर शिकवायला वर्सं जात्यात."

यादीत नाव लागलं. जूनमध्ये तो गेला. तिथं खरे चेंडू मिळतात. निघताना त्यानं मला दोन्ही हातांत धरलं, मग पलंगाखाली ठेवलं.

आता संयोगिता कामावरून येते, एकच ताट वाढून घेते. केर काढताना मला पलंगाखालून ओढते, पदरानं पुसते, परत आत ठेवते. परवा शेजारची अदिती दारात आली. "काकू, बॉल देता का खेळायला?"

"न्हाय गं. ऋतूचा हाय त्यो."

बाई, पोराची आठवण तुम्हाला येते, तशी मलाही येते. पण मला जपल्यानं तो लवकर येणार नाही. अदिती आत्ताही गल्लीतच असेल. एकदा हाक मारा तिला.