नसीमबीची गलोल

दादामियाँचा उजवा डोळा गेला तो गलोलीच्या रबरापायी. महायुद्धाचे दिवस होते, सायकलची नवी ट्यूब कुठं मिळत नव्हती. जुन्या रबराला बारीक भेगा पडल्या होत्या, तरी त्यानं गालापर्यंत ताण दिला. रबर बेचक्याकडून तुटलं आणि उलटं येऊन डोळ्यावर बसलं. उस्मानाबादच्या दवाखान्यात पट्टी बांधून मिळाली, नजर मिळाली नाही.

सोनारीजवळ वीरभद्रआप्पांच्या जांबाच्या, म्हणजे पेरूच्या, बागेची राखण दादामियाँकडं होती. पोपटांचे थवे उतरले, की तो गलोलीनं झाडाझाडाला टांगलेल्या डब्यांवर मातीची गोळी मारायचा. डबा खणखणला, की थवा भर्रकन उठायचा. पाखरू मारायचं नाही, डबाच वाजवायचा, हा त्याचा नेम.

डोळा गेल्यावर आप्पा येऊन खाटेशेजारी बसले. ते कठोर माणूस नव्हते.

"दादामियाँ, फळ पाडाला आलंय. दुसरा माणूस बघावा लागल."

"बघा, आप्पा," एवढंच म्हणून त्यानं तोंड भिंतीकडं केलं.

नसीमबी दारात उभी होती. नवरा पुढं काही बोलायच्या आत तीच बोलली, "आठ दिवस थांबा. म्या राखते."

आप्पांनी तिच्याकडं पाहिलं, मग खाटेकडं. "थांबतो," म्हणाले.

तिनं आयुष्यात गलोल धरली नव्हती. दुसऱ्या दिवशी उस्मानाबादच्या बलभीमाकडून रबर आलं. तो सायकली दुरुस्त करायचा आणि दादामियाँचा दोस्त होता. फुटलेल्या ट्यूबचा भेगा नसलेला तुकडा त्यानं निवडून पाठवला होता. दादामियाँनं ते हातात घेतलं, बोटावर ताणून वाकवलं आणि अंगठ्यानं चाचपत गेला.

"हे चालंल. पण कातरीनं कापू नको. काठाला खाच राहिली, की तिथनंच फाटतं. वस्तऱ्यानं एका ओढीत काप. दोन्ही पट्ट्या सारख्या पाहिजेत, एक आखूड झाली की गोळी वाकडी जाती."

बेचकं घरातच होतं. दोन वर्षांमागं त्यानं जांबाची सारख्या फाट्यांची फांदी कापली होती, टोकं दोरीनं बांधून सावलीत वाळवली होती. उन्हात वाळवलेलं लाकूड तडकतं. बकऱ्याच्या मऊ चामड्याचा चौकोन मधोमध ओवून नसीमबीनं दोऱ्यानं पक्क्या गाठी मारल्या.

बांधाच्या मातीपुढं डबा टांगून ती उभी राहिली. पहिली गोळी बांधात गेली, दुसरी तिसऱ्याच झाडात. सगळ्या गोळ्या एका बाजूलाच पळत होत्या.

दादामियाँ खाट बाहेर ओढून बसला होता. डावा डोळाही अजून पट्टीखाली होता, तो नुसता ऐकत होता.

"चामडं पिळतीस तू," तो म्हणाला. "आवाज दोनदा येतोय, पट्ट्या एकदम सुटत नाहीत. घट्ट आवळू नको. अंगठा आन् बोट यांच्या मधी धर, आन् सोडताना बोटं एकदम उघड. झटका देऊ नको, मागं ओढू नको. गोळी आपली जाती."

"भ्या वाटतं."

"कशाचं?"

तिनं नुसतं रबर चाचपलं. त्यानं हात पुढं केला. "आण इकडं. प्रत्येक वेळी आधी मला दे. म्या चाचपून बघतो. भेग असल तर सांगतो."

मग तसंच चाललं. ती गलोल त्याच्या हातात द्यायची, तो पट्ट्या ताणून, बोटं फिरवून परत करायचा. ती दर वेळी गालाच्या एकाच हाडाशी चामडं आणायची, दोन्ही पट्ट्या एका पातळीत आहेत का बघायची आणि सोडायची. आधी सोडताना डोळे मिटायचे. हळूहळू उघडे राहू लागले. एका सकाळी डबा वाजला. ती हसली नाही, दुसरी गोळी घेतली आणि चुकली.

आठवड्यानं आप्पा आले, तेव्हा थवा उतरत होता. नसीमबीनं ताण दिला आणि बोटं उघडली. डबा खणखणला, पोपट उडाले. लगेच तिनं दुसऱ्या डब्यावर नेम धरला, तो मात्र हुकला.

"एक चुकला," ती म्हणाली.

"दादामियाँचेबी चुकायचे," आप्पा म्हणाले. "राहू द्या राखण तुमच्याकडं."

पट्टी सुटल्यावर दादामियाँनं एकदा, जवळपास कुणी नाही असं समजून, गलोल उचलली. डाव्या डोळ्यासाठी त्यानं बेचकं उजव्या हातात आणि चामडं डाव्या हातात धरलं. चामडं गालापाशी आलं, तसा उरलेला डोळा आपोआप मिटला. त्यानं ताण हळूहळू सैल केला, गोळी काढून घेतली आणि गलोल खुंटीला अडकवली. नसीमबीनं दारातून पाहिलं होतं. ती चूल पेटवायला आत गेली.

त्या हंगामात बरीच फळं वाचली, थोडी पोपटांनी खाल्लीच. पुढं उरुसात निशाणबाजी लागली, की लोक दादामियाँला हाक मारायचे. तो म्हणायचा, "नेम तिचा हाय, म्या फक्त रबर बघतो." लोकांना ती चेष्टा वाटायची.