पहिल्या दोन ओळी

कडब्याची कुट्टी करणाऱ्या मशीनची पाती आम्ही विकतो. मुखेडच्या बाजारात आमचं दुकान आहे. बाजारात सगळ्यांना ठाऊक आहे की माझ्या नवऱ्याच्या उजव्या हाताला दोन बोटं नाहीत. यूट्यूबवर मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं. व्हिडिओ करताना मकसूद हातमोजा घालायचे आणि रिकाम्या बोटांत मी कापूस भरून द्यायची. 'गिऱ्हाईक बिचकतं,' एवढंच त्यांचं म्हणणं. माझं कोण ऐकतंय!

व्हिडिओखालचा मजकूर आमची जेबा लिहायची. पोरगी हुशार. पातं बदलायच्या व्हिडिओला तिनं पहिल्या दोन ओळी अशा दिल्या होत्या: 'पातं बोथट झालं? मिस्त्री न बोलावता घरीच बदला. नवी पाती मागवायला ही लिंक.' त्याखाली वेळा.

0:00 मशीनची ओळख
1:05 तयारी
4:10 पातं बदलणे
7:40 धार तपासणे

वेळेवर बोट ठेवलं की व्हिडिओ थेट तिथून सुरू होतो. लोकांना ते फार आवडलं. पाती भराभर जाऊ लागली आणि बापलेक दोघंही हवेत.

मग देवणीहून शिवकांताबाई नावाच्या एका बाईंचा फोन आला. जेबानं स्पीकरवर घेतला.

"ताई, एक इचारायचं हाय. त्या व्हिडिओत बोर्डातली पिन काढा म्हणून सांगितलंय का?"

"हाव. तयारीत सांगितलंय, तीन मिनिटांनंतर. का हो?"

"लाइट गेली व्हती. मालक म्हणले, मशीन आपसूक बंद हाय, तवर पातं बदलून घेऊ. मोबाईलवर पातं बदलायचं तेवढंच लावलं. झाकण काढलं, हात घातला अन् लाइट आली. सासरचे म्हणून राहिले, व्हिडिओवाल्यांनी फसवलं. म्हणून इचारलं. सांगितलं असंल तर मग आमचंच चुकलं."

त्यांनी फोन ठेवला. एक शब्द वाकडा बोलल्या नाहीत, आणि तेच मला जास्त लागलं.

आमच्या भागात लाइट गेली की मशीन बंद झालं असंच धरतात. बटण चालूच राहतं. लाइट येते आणि मोटर आपोआप फिरते. मकसूदची बोटं अशीच गेली होती, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

जेबा रडवेली झाली. "पण आपण सांगितलंय ना, अब्बा! त्यांनीच पुढं नेलं."

"पुढं न्यायची वाट तूच करून दिलीस ना. अन् मी हातमोजा घातला," मकसूद म्हणाले. "मजकूर बदल."

"व्हिडिओच काढून टाकते."

"काढू नको. लोक दुसऱ्या कुणाचा बघून हात घालतील. व्हिडिओ राहू दे, मजकूर बदलता येतो म्हणालतीस ना?"

"येतो. लगेच दिसतो." तिनं मोबाईल पुढ्यात घेतला. "पिनचं कुठं टाकू? शेवटी, लिंकच्या खाली?"

"सगळ्यात वर."

"अब्बा, न उघडता वरच्या दोनच ओळी दिसतात. बाकी सगळं 'आणखी' म्हणतात त्याच्या आत जातं. वर असलं काही लिहिलं तर पाती कोण घेईल?"

"दोनच दिसतात म्हणून तर," ते म्हणाले आणि सांगत गेले. जेबा लिहीत गेली.

'लाइट गेली म्हणजे मशीन बंद झालं नाही. आधी पिन काढा.
माझी दोन बोटं याच चुकीत गेली. मकसूद, मुखेड.'

पात्यांची लिंक खाली गेली. 'तयारी'ची वेळ तिनं तशीच ठेवली, पण 4:10 ची ओळ खोडली आणि लिहिलं: '3:20 पिन काढा, मग पातं बदला'. आता पात्यासाठी बोट ठेवलं तरी आधी पिन काढतानाच दिसणार. व्हिडिओच्या दर्शनी चित्रात हातमोजा होता. मकसूदनी उघडा हात पुढे धरला आणि जेबानं नवा फोटो काढून लावला. इतक्या वर्षांत हा माणूस फोटोत हात पुढे करतो आहे, हे मी पहिल्यांदा पाहिलं.

पाती कमी जाऊ लागली. जायचीच होती. जेबा अधूनमधून मोबाईल बघून उसासे टाकायची.

एके दुपारी पुन्हा देवणीचा फोन आला. मकसूदनी स्पीकरवर घेतला. या वेळी बाई नव्हत्या, त्यांचे मालक चन्नबसप्पा होते. आवाज खोल गेलेला.

"शिवकांतानं वाचून दावलं. तुमचीबी गेली व्हय?"

"हाव. दोन."

"माझी तीन."

दुकानात गिऱ्हाईक उभं होतं, त्याला मी हातानंच थांब म्हटलं.

"एक इचारू का, भाऊ?" चन्नबसप्पा म्हणाले. "घरात कुणाला इचारवत न्हाई. सदऱ्याची गुंडी कशी लावता तुम्ही?"

मकसूदनी माझ्याकडं बघितलं. हा माणूस चार लोकांत असलं काही कधी कबूल करायचा नाही, मला वाटलं आताही उडवून लावेल.

"बायको लावती," ते म्हणाले. "रोज सकाळी. पहिल्यांदा लई लाज वाटली. तुम्ही लावू द्या."

पलीकडून चन्नबसप्पांनी बायकोला मारलेली हाक ऐकू आली.