झाकलेला पेंढा

बायको गेली तेव्हा तिनं लावलेली पेंढ्याची रास मुरत होती.

ते काम दोघांचं. मी युरिया पाण्यात पुरता विरघळवायचा आणि झारीनं भाताच्या पेंढ्यावर सारखा शिंपडायचा; ती थरावर उभी राहून पायांनी दाबायची. "पाणी पेंढ्याला घाला, माझ्या पायांना नको," म्हणायची. मग प्लास्टिकचा कागद घालून कडा चिखलानं बंद. आत युरियाचा वायू होतो, पेंढा मऊ पडतो, त्यात जीव येतो. तीन आठवडे कागदाला हात लावायचा नाही. गोठ्याकडच्या कोपऱ्यात कागद अपुरा पडला, तिथं तिनं खताच्या रिकाम्या पिशव्या दाबून लिंपल्या होत्या.

रास बंद करून आठवडा झाला आणि ती गेली.

माणसं भेटायला आली, त्यात पाऊस. मेहुण्यानं अंगणात छप्पर केलं. मी घरात भिंतीला टेकून बसलो होतो. ते छप्पर कशाचं, हे मी पाहिलंच नाही.

माणसं पांगल्यावर गोठ्यामागे गेलो. रास उघडी, चिंब.

"कागद कुणी काढला?"

"मीच, दाजी. माणसं भिजत होती ना. आणि वास केवढा येत होता! म्हटलं, वारा लागू दे."

"तो वासच पेंढ्यात मुरवायचा होता, शहाण्या."

"मला काय माहीत? झाकू परत."

छप्पर राहू दिलं, जुन्या ताडपत्रीनं झाकली. पण वायू उडून गेलेला. मुदत भरल्यावर उघडली तर काळी बुरशी. हे गाईला घालणं म्हणजे विष घालणं.

तांबडी गाय बायकोची. माहेराहून आणलेली, गाभण. हिरवा चारा यायला अजून दोन महिने होते. नुसत्या कोरड्या पेंढ्यावर तिची हाडं वर आली असती.

"मी नेतो तिला," मेहुणा म्हणाला. "माझ्याकडे चारा आहे. आक्काची गाय आहे, परकी नाही."

आग लावणारा तोच, विझवायला धावणाराही तोच. पण गाईचं पोट माझ्या रागानं भरणार नव्हतं. ने म्हणालो.

टेम्पो आला त्या दिवशी मी कोपऱ्यातल्या पिशव्या उचलल्या. खाली पेंढा पिवळा-तपकिरी, मऊ. वास थेट नाकात गेला. तेवढ्याच जागी तिचं दाबणं टिकलं होतं. भाराभर निघाला. पसरून ठेवला, वास मंद झाल्यावर भारा बांधून टेम्पोत टाकला.

"हे कशाला, दाजी? असलं कोण खातं?"

तांबडीनं मान लांब करून भाऱ्यातून तोंडभर ओढून घेतलं.

"ती खाते," मी म्हणालो. "एकदम घालू नकोस. थोडं थोडं, दुसऱ्या चाऱ्यात मिसळून."

"बरं. पुढची रास लावाल तेव्हा बोलवा. मी तुडवतो."

"गाय नाही, रास कुणासाठी लावू?"

त्यानं टेम्पोचं फळकं लावलं. टेम्पो गेला. अंगणात बांबूवर राशीच्या कागदाचं छप्पर अजून ताणलेलं होतं, खाली कोणी नव्हतं.