वळत्या फीची मुदत

अंकुर माझा सख्खा भाचा, पण फीचा विषय निघाला की तो माझा सासरा होतो. २००९ साली माझ्या बँक परीक्षेच्या गणिताच्या क्लासचं रेकॉर्डिंग इंटरनेटवर टाकायचं त्यानेच डोक्यात घेतलं. देवासच्या बॅचची फी सहा हजार होती. रेकॉर्डिंगचे त्याला पाच हवे होते.

"पंधराशे," मी म्हटलं.

"मावशी, इतना सस्ता? मग बॅचला कोण येईल? सगळे घरीच बघतील."

"बॅचमध्ये मी दर रविवारी पेपर तपासते, चुकलं की कान धरते. रेकॉर्डिंग कुणाचा कान धरणार? आणि खुर्च्या तीसच आहेत. रेकॉर्डिंगला खुर्ची लागत नाही."

हे सगळं खरं होतं, पण माझ्या मनात अवंती होती. पहिल्या बाकावरची, फळ्यावर माझं चुकलं तर मलाच टोकणारी. परीक्षेच्या आधीच तिचं लग्न झालं आणि ती लांब कुक्षीला गेली. पाच हजार तिला कुठून जमणार? मला तिची फार आठवण येई.

शेवटी किंमत पंधराशेच राहिली, पण एक तडजोड झाली. रेकॉर्डिंग घेणारा पुढे बॅचला आला तर ते पंधराशे फीत वळते करायचे. मुदत एक वर्ष. "मुदत नसली ना, तो लोग सोचते ही रहते हैं," अंकुर म्हणाला. त्याचं बरोबर होतं. बॅच रिकामी झाली नाही. उलट रेकॉर्डिंगवाले चौघे उरलेली फी भरून बॅचला आले.

अवंतीनेही रेकॉर्डिंग घेतलं. कुक्षीच्या सायबर कॅफेत बसून ती बघायची. वर्ष संपत आलं तेव्हा तिचा फोन आला.

"ताई, रेकॉर्डिंगमध्ये तुम्ही 'सांगा बरं' म्हणून थांबता ना, तिथे मी उत्तर देते. हळूच, लोग देखते हैं."

ती सवय मला कॅमेऱ्यासमोरही सुटली नव्हती. अंकुर त्या जागा कापणार होता, मी कापू दिल्या नाहीत.

"बरोबर येतात का गं?"

"काय माहीत? चुकलं तरी तुम्ही रागावत नाही. तशाच पुढे जाता."

"मग ये ना बॅचला. पंधराशे वळते होतील."

ती म्हणाली, "आता नाही जमणार, ताई. सासूबाईंचं सगळं माझ्याकडेच आहे. पुढच्या वर्षीपण नाही. पण या महिन्यात मुदत संपते म्हणे. तेवढी संपवू नका ना."

मी फोन ठेवला आणि अंकुरला मुदत काढून टाकायला सांगितलं.

"सगळ्यांची? मावशी, मग कोणी ठरवणारच नाही."

"इतरांची राहू दे. अवंतीची काढ."

"पण ती येणार आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "म्हणूनच काढ."