उठ की रं

जोतीराम फोन उचलत नव्हता. कसबा बावड्याहून शाहूपुरीकडं निघालेल्या रिक्षात स्वप्नालीनं सातव्यांदा त्याचा नंबर लावला.

सकाळी वडिलांचा हँग होणारा फोन तिनंच त्याच्या दुरुस्तीच्या दुकानात दिला होता. "फोन पुसावा लागंल, गेम जाईल ताई," तो म्हणाला होता. "जाऊ दे, पन्नास रुपयांत परत घेईन," असं ती बोलून गेली होती.

गेम कुस्तीचा होता. तिचे वडील, वस्ताद गणपतराव, गेल्या महिन्यात वारले. गेममध्ये त्यांचं नाव होतं आणि आवाजही. आपला पैलवान चितपट झाला की वस्ताद ओरडायचे, "उठ की रं!" एवढे तीनच शब्द.

दुकानातून घरी आल्यावर तिनं आपल्या फोनवर गेम विकत मिळायचा ते पोर्टल उघडलं होतं. गेम तिथं नव्हताच. तो बनवणाऱ्या कृष्णातला तिनं फोन केला होता.

"नाव नि आवाज वापरायची परवानगी दोन वर्सांची व्हती, ताई. मुदत सरली, गेम विकणाऱ्या कंपनीनं त्यो पोर्टलवरनं काढून टाकला."

"मी वारस आहे. आत्ता सही करते."

"सही करून काय करणार? ती कंपनीच बंद पडली. ह्याची सीडी कधी निघालीच न्हाय, म्हंजे जुन्या बाजारातबी मिळायचा न्हाय. माझी हार्डडिस्क तर कवाच बसली. ज्यांनी घेतलाय, त्यांच्या फोनात असंल तेवढाच. त्योबी कुलूपबंद, ब्लूटूथनं जात न्हाय."

"मग आता? आबांचा फोन तर मी शाहूपुरीत जोतीरामकडं पुसायला दिलाय."

"फोन पुसू नगा म्हणावं. मी निघालोच."

शाहूपुरीच्या सिग्नलला रिक्षा थांबली तशी ती उतरली आणि उरलेलं अंतर पळतच गेली.

जोतीराम चहा पीत होता. त्याचा स्वतःचा फोन गल्ल्यात सायलेंटवर, वडिलांचा केबलला लावलेला.

"पुसलास?"

"न्हाय अजून, लावणारच व्हतो की. एवढं पळत? पावणं मागं लागल्यात व्हय?"

ती स्टुलावर बसली, उठली, परत बसली. कृष्णात आला आणि त्यानं जोतीरामला फोनची आख्खी मेमरी जशीच्या तशी कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायला लावली. चाळीस मिनिटं लागली. केबलला धक्का नको म्हणून तिनं दारात उभ्या गिऱ्हाइकालाही आत येऊ दिलं नाही.

"झालं जपून?" तिनं विचारलं.

"नुसती फाईल म्हंजे पोत्यातलं बी," कृष्णात म्हणाला. " उगवतंय का बघाय नगं?"

जोतीरामनं खोक्यातून त्याच मॉडेलचा एक भंगार फोन काढला, मेमरी त्यात भरली. गेम उघडला.

"ह्यो फोनबी जपा, ताई. गेम दुसऱ्या मॉडेलवर चालंल, न चालंल," कृष्णात म्हणाला. "आन् कागद करू. विकाय न्हाय, ठेवाय. माझा कोड, तुमच्या आबांचा आवाज. दोघांची सही."

तिनं मान डोलावली. फोन हातात घेतला. पडद्यावर समोरचा पैलवान चालून आला.

"बटण दाबा की ताई! पडतोय आपला गडी!" जोतीराम ओरडला.

तिनं अंगठा बाजूला घेतला.