चोवीस तासांची कॅन

आमच्या थोरल्या राहुलचा हात थरथरायला लागला तेव्हा माझ्या नवऱ्याने, गजेंद्रने, मोबाइलला दोष दिला. अक्षर बिघडलं तेव्हा आळसाला. डोळे पिवळे होऊन पोट फुगलं तेव्हा दोष द्यायला काही उरलं नाही, आणि आम्ही पोराला बालाघाटहून नागपूरला नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बुबुळाभोवतीचं तपकिरी कडं पाहिलं, रक्त आणि लघवी तपासली आणि सांगितलं, विल्सनचा आजार. अन्नातलं जास्तीचं तांबं यकृताला पित्तातून बाहेर टाकता येत नाही. ते आधी यकृतात साठतं, मग मेंदूत. गोळ्या जन्मभर.

"आम्ही तांब्याच्या गुंडातलं पाणी पितो मॅडम," गजेंद्र म्हणाले. "त्यानंच झालं असंल."

"ते बंद करा, पण आजार त्याने झालेला नाही. आईकडून एक आणि वडिलांकडून एक, असे दोन सदोष जीन आले की होतो. लग्न नात्यातलं आहे का?"

मी मान डोलावली. मी गजेंद्रच्या सख्ख्या मामाची मुलगी, रामपायलीची.

"मग धाकट्या मुलीची तपासणी करा," बाई म्हणाल्या. "ती धडधाकट दिसत असली तरी. चारात एक शक्यता आहे."

राहुलच्या शेजारच्या खाटेवर बाबूलाल नावाचे गृहस्थ होते, पन्नाशीचे, कातडी काळवंडलेली. त्यांच्या अंगात लोह साठत होतं, तेही जन्मजातच. दर आठवड्याला त्यांचं पिशवीभर रक्त काढायचे. ते पाहून गजेंद्रला आशा वाटली. "राहुलचंबी असंच काढा ना." बाईंनी समजावलं, रक्त काढलं की नवं रक्त बनवायला शरीर साठ्यातलं लोह वापरतं. तांब्याचं तसं नाही, त्याला गोळी धरते आणि लघवीतून बाहेर काढते.

मी बाबूलालना विचारलं, घरात आणखी कोणाला?

"धाकट्या भावाले तपास म्हणलं होतं. तो म्हणे, मी ठणठणीत आहो. आला तवा लिव्हर आकसून गेलतं."

घरी आल्यावर गजेंद्रने गुंड, कळशी, तांब्या, पूजेची पळीसुद्धा मोडीत दिली. घरातलं तांबं गेलं, विषय संपला, असं त्यांचं म्हणणं. धाकट्या श्रुतिकाच्या तपासणीचं नाव काढलं की उठून जायचे. गुंड दोषी असला तर दोष मोडीत निघतो. जीन कुठे मोडीत द्यायचे? मला त्यांचं कळत होतं आणि त्यांचा संतापही येत होता.

मी त्यांना न विचारता लॅबमधून कॅन आणली. सकाळची पहिली लघवी सोडायची, मग दुसऱ्या सकाळपर्यंतची सगळी त्यात जमा करायची. तेरा वर्षांची पोर लाजेने लाल झाली, पण भावाचे हाल तिने पाहिले होते. कॅन मोरीच्या कोपऱ्यात ठेवली.

संध्याकाळी पाहते तर कॅन रिकामी, धुऊन पालथी घातलेली.

"कोणं सांडली?"

"मी," गजेंद्र म्हणाले. "चांगल्या पोरीले काहून बीमार करून राह्यली?"

मी आयुष्यात त्यांच्यावर कधी ओरडले नव्हते. त्या दिवशीही ओरडले नाही. नवी कॅन आणली आणि दुसऱ्या दिवशी उजाडल्यापासून मोरीच्या दारात पाट टाकून बसले, दिवसभर आणि तिसऱ्या सकाळपर्यंत. ते दोनदा आले आणि परत गेले.

कॅन लॅबमध्ये दिली, पोरीचं रक्तही दिलं. सहा दिवसांनी रिपोर्ट आला. लघवीत तांबं कितीतरी जास्त. रक्ताचा रिपोर्टही बिघडलेला. नागपूरला बाईंनी पुन्हा तपासून तेच सांगितलं. पण डोळ्यांत कडं नव्हतं, यकृत अजून बरंच शाबूत होतं. "वेळेवर आणलीत," त्या म्हणाल्या. "गोळी चुकवली नाही तर हिचं राहुलसारखं होणार नाही."

परत आल्यावर गजेंद्र ओसरीवर बसले. म्हणाले, "मीच हट्ट धरलता. मामाचीच पोरगी करीन म्हणून. माह्या रक्तानं पोरं नासली."

"एकट्या तुमच्या रक्तानं काहीच झालं नसतं. अर्धं माह्यापासून आलं."

"तू नाही म्हणली असती, तर?"

"काहून म्हणू? मले तुम्हीच पाहिजे होते. आताबी विचारलं तर हौच म्हणीन."

मनात होतं तेच बोलले. मागे श्रुतिका उभी होती, हातात गोळीचं पाकीट घेऊन.

"हे सगळं माहीत असतं, तरी?" तिने विचारलं.

खोटं बोलायला तोंड उघडलं, पण जमलं नाही.

"हौ," मी म्हणाले.

ती आमच्या दोघांकडे पाहत राहिली. मग तिने गोळी जिभेवर ठेवली आणि मी पाणी पुढे करायच्या आत कोरडीच गिळली.