दांड्याखालचे हात

"उचल रे म्हशी, उचल! की चहा पाजू आधी?" लुत्फी डोक्यापाशी उभा राहून ओरडला. बाकावर उताणा पडलेल्या वगीहच्या छातीवरचा वजनांचा दांडा थरथरत वर निघाला.

"तुझ्या त्या काटकुळ्या पायांवर पायजमा तरी कसा टिकतो रे?" दांडा खाचेत ठेवता ठेवता वगीहनं परतफेड केली.

ट्रामच्या कारखान्यात फिटर असलेला वगीह आणि अरुंद गल्लीतला शिंपी लुत्फी, दोघंही चाळिशीचे. पहाटे समुद्राकाठी धावायचं, संध्याकाळी जिममध्ये वजनं उचलायची. "तुझ्यापेक्षा आपली ट्राम बरी पळते!" हे लुत्फीचं रोजचंच. वगीहला त्याचा कधी राग आला नाही. का यावा? शिव्या घालताना लुत्फीचे दोन्ही हात दांड्याखाली असायचे. दांडा अडला, की दोन बोटं लागायची आणि तो वर यायचा. श्रेय मात्र सगळं वगीहचं.

बायको नगला तिच्या बहिणीकडे निघून गेली, हे वगीहनं एकट्या लुत्फीला सांगितलं होतं, तेही धावता धावता, समुद्राकडे तोंड करून.

त्या गुरुवारी वजन नेहमीपेक्षा जास्त होतं. शेवटच्या वेळी दांडा छातीवरून वीतभर उठला आणि अडला. वगीहनं बोटांची वाट पाहिली. बोटं आलीच नाहीत. लुत्फीच्या हातात मोबाइल होता.

"बघा रे, बघा! म्हैस रुतली! ग्रुपवर टाकतो. अरे, उगाच का बायको सोडून गेली याची?"

सगळी जिम खदाखदा हसली. दांडा खाली आला, छातीवर बसला. श्वास कोंडला. दोन्ही टोकांना चिमटे घट्ट, वजनं खाली सांडून सुटायचीही सोय नाही. शेवटी जिमचा प्रशिक्षक, सगळ्यांचा कॅप्टन, धावत आला आणि त्यानं दांडा उचलला.

"मोबाइल ठेव आधी! माणूस मेला असता!"

"अहो कॅप्टन, जोर चढावा म्हणून बोललो."

जोर! मेला जोर! वगीहच्या अंगाचा तिळपापड झाला. घरातलं दुःख चव्हाट्यावर टांगायचं आणि वर त्याला जोर म्हणायचं? तो उठला, टॉवेल उचलला आणि चालता झाला.

शनिवारी तो जिममध्ये येईल, असं कुणालाच वाटलं नव्हतं. तो आला. लुत्फी बाकावर पडला होता आणि गुरुवारच्या प्रकारानंतर त्याच्या डोक्यापाशी कुणी उभं राहायला तयार नव्हतं. वगीह जाऊन उभा राहिला. दोन्ही हात दांड्याखाली धरले.

शेवटच्या वेळी दांडा अडला. लुत्फीचा चेहरा लालबुंद झाला.

"बोल ना काहीतरी! दे ना एखादी शिवी, वगीह!"

वगीहनं दोन बोटं लावली, दांडा वर आणला, खाचेत नीट बसवला. मग खांद्यावर टॉवेल टाकून तो पलीकडच्या बाकाकडे गेला आणि एकट्याला झेपेल एवढंच वजन चढवू लागला.